कन्येचा नीच शुक्र पुष्कर नवांशात

प्रश्न: माझा शुक्र कन्येत १५ अंश ३० कलांवर, म्हणजे नीच. तो पुष्कर नवांशात आहे असं एकांनी सांगितलं. मग नीचत्व जातं का?

जात नाही, पण ज्योतिषाच्या हिशेबात शुक्र सावरतो. राशीचे ३ अंश २० कलांचे नऊ तुकडे म्हणजे नवांश, आणि प्रत्येक राशीत त्यातले दोन पुष्कर, म्हणजे विशेष शुभ, मानतात. पृथ्वी राशींत ते तिसरा आणि पाचवा. कन्येतला पाचवा नवांश १३.२० ते १६.४० पर्यंत, आणि तो वृषभेचा. म्हणजे तुमचा शुक्र नवांश कुंडलीत स्वराशीत बसतो. खरं बळ मला यात दिसतं, ‘पुष्कर’ या नावात नाही.

उलट उदाहरण बघा. मेषेत २२ अंशांवरचा रवी उच्च राशीत आणि पुष्कर नवांशातही, पण तो नवांश तुळेचा, जिथे रवी नीच! सगळे पुष्कर नवांश चंद्र, बुध, गुरू, शुक्र यांच्याच राशींचे असतात, पण ते प्रत्येक ग्रहाला सारखे मानवत नाहीत.

पुष्कर भाग म्हणजे एकच अंश. प्रचलित यादीत पृथ्वी राशींचा चौदावा, त्यामुळे तुमचा शुक्र त्यात नाही. (याद्यांतही मतभेद आहेत.)

आधी पत्रिकेचा अयनांश, म्हणजे सायन आणि निरयन राशीचक्रांतलं धरलेलं अंतर, तपासा. वरचे अंश लाहिरीचे असतील, तर रामन अयनांशाने शुक्र साधारण दीड अंश पुढे, १७ च्या आसपास जातो. मग नवांश मिथुनेचा, आणि पुष्कर संपलं.