नवरीच्या चेहऱ्यावरचे कोडाचे डाग: काढायचे की ठेवायचे?

प्रश्न: लग्नाच्या फोटोंत नवरीच्या चेहऱ्यावर आणि हातांवर कोडाचे डाग आहेत. तिची आई म्हणते काढा. काय करू?

आधी नवरीला एकटीला विचारा. तिने सांगितल्याशिवाय डागांना हात लावू नका. लग्नाचे अल्बम मी एडिट करतो, आणि माझा नियम असा की आठवड्यात जाणारी पुटकुळी न विचारता काढायची, पण कोड, जन्मखूण, जुना व्रण हे त्या माणसाचे असतात. प्रश्नही सरळ ठेवा: "डाग आहेत तसे ठेवू, थोडे सौम्य करू, की झाकू?"

झाकायचे ठरले तर Healing Brush वापरू नका. कोडात त्वचेचा रंग गेलेला असतो, पोत तसाच असतो. ब्रश तो पोतच पुसतो आणि गाल मेणासारखा दिसतो. त्याऐवजी Curves चा वेगळा लेयर घ्या. निळा चॅनेल सर्वांत जास्त खाली आणा, हिरवा त्याहून कमी, लाल अगदी थोडा, कारण त्वचेतलं मेलॅनिन निळा प्रकाश सर्वांत जास्त शोषतं. मग लेयरचा मास्क आधी पूर्ण काळा करा आणि त्यावर मऊ पांढऱ्या ब्रशने फक्त डाग रंगवा. कडेला गडद रेघ दिसली तर मास्क डागाबाहेर गेलाय. "सौम्य" हवं असेल तर याच लेयरची Opacity निम्म्यावर आणा. हात विसरू नका: चेहरा झाकला आणि मेंदीच्या हातांवर डाग राहिले तर फोटो खोटा वाटतो. मूळ फाइलही तिला द्या.

फ्लॅशमुळे डाग पूर्ण पांढरा जळला असेल तर तिथे पोतच उरत नाही, मग ही पद्धत चालत नाही. आणि पासपोर्ट-व्हिसाच्या फोटोत तिने सांगितलं तरी डाग काढू नका.