फुल अँड फायनलवर सही केलीस, तरी ग्रॅच्युइटी बुडत नाही

तू नोकरी सोडताना हिंजवडीतल्या कंपनीने शेवटच्या हिशेबाच्या कागदावर 'आता काहीही येणे नाही' असं लिहून घेतलं, म्हणून घाबरू नकोस. ग्रॅच्युइटी कायद्याने मिळते. करार करून ती सोडता येत नाही. तुझा शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० धर, नोकरी ६ वर्षं ७ महिने. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून ७ वर्षं. २६,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ७: १,०५,००० रुपये. हिशेबाच्या कागदात ही रक्कम नसेल तर आधी कंपनीकडे लेखी माग, मग कामगार खात्यातल्या ग्रॅच्युइटीच्या प्राधिकाऱ्याकडे अर्ज कर.

कंपनीकडे थकलेल्या इन्सेंटिव्हचं मात्र अवघड आहे. तिथे सही आडवी येते. दबावाने घेतली हे तुलाच दाखवावं लागेल. एचआरने 'सही कर, तरच रिलीव्हिंग लेटर' असा मेल पाठवला असेल तर तो जपून ठेव, आणि हरकत लगेच मेलवर नोंदव.