अर्जात नुसतं ‘कोहा येतं’ लिहू नका

‘मी रत्नागिरीजवळच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे, एम.लिब. झालंय. इंग्लंडमधल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात अर्ज करायचाय. कॅटलॉगिंग, ई-रिसोर्सेस, संशोधन करणाऱ्या मुलांना मदत हे सगळं मी करते, पण अर्जात ते दाखवायचं कसं?’

व्हिसाचं सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे, ते इथे लिहीत नाही. जाहिरातीसोबत ‘पर्सन स्पेसिफिकेशन’ येतं, त्यातला प्रत्येक आवश्यक मुद्दा निवडणारे तुमच्या निवेदनात शोधतात. ‘कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर येतं’ किंवा ‘दहा वर्षं कॅटलॉगिंग केलं’ अशा वाक्यातून त्यांच्या हाती काहीच लागत नाही. एक नोंद कशी केलीत ते सांगा.

तुमच्याकडे मराठी पुस्तकं आहेत, हे तुमचं खरं भांडवल. आपल्याकडे बऱ्याच कॉलेजांत शीर्षकाच्या 245 या क्षेत्रात थेट देवनागरी टाकून मोकळे होतात. तिकडच्या मोठ्या ग्रंथालयांच्या मार्क २१ नोंदीत शीर्षक साधारणपणे रोमन लिपीत असतं आणि मूळ लिपी 880 मध्ये जोडलेली असते. ‘कोकणातील मासेमारी’ असं शीर्षक धरलं, तर ते असं दिसेल:

```
245 10 $6 880-01 $a Kokaṇātīla māsemārī
880 10 $6 245-01 $a कोकणातील मासेमारी
```

चुका ठरलेल्या आहेत. दोन्हीकडचा 01 जुळला नाही तर जोडी तुटते आणि देवनागरी शीर्षक कशाचं, हे प्रणालीला कळत नाही. ‘ण’साठीच्या ṇ खालचा टिंब विसरला की ‘न’ होतो. शेवटचा ‘अ’ आपण बोलताना गाळतो, पण रोमन लिप्यंतराच्या एएलए-एलसी तक्त्याप्रमाणे तो लिहावा लागतो, म्हणून वरती ‘tīla’. आणि जुन्या नोंदी युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेल्या असतील तर शीर्षक साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. मराठी राहिलं तर युनिकोड, इंग्रजी अक्षरांचा चिवडा झाला तर नाही. अशा नोंदी तुम्ही दुरुस्त केल्या असतील तर किती, कशा आणि नंतर कोणता शोध लागू लागला, एवढं तीन वाक्यांत लिहा. तुमच्या नियमित कामापेक्षा या दुरुस्तीतूनच तुमची समज जास्त दिसते.

ई-रिसोर्सेसबद्दल: ‘एन-लिस्ट सांभाळते’ हे तिकडे कोणाला कळणार नाही. कॉलेजांना ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकं पुरवणारी राष्ट्रीय योजना, असा अर्ध्या ओळीचा खुलासा द्या. मग सांगा की विद्यार्थ्यांची खाती तुम्ही उघडता, घरून लॉगिन होत नाही तेव्हा चूक पासवर्डात आहे, बंद पडलेल्या खात्यात आहे की प्रकाशकाच्या बाजूला, हे कसं ओळखता. रोजचं काम तिथेही हेच आहे, फक्त लॉगिनची यंत्रणा वेगळी.

विद्यार्थ्यांच्या मदतीत बहुतेक जण ‘मार्गदर्शन केले’ लिहून थांबतात. त्याऐवजी एक प्रश्न शेवटपर्यंत न्या. समजा एम.एस्सी.चा मुलगा बांगड्यावर काम करतोय आणि ‘bangda’ टाकून हात हलवत परत येतोय. शोधनिबंधांत मासा शास्त्रीय नावाने येतो, म्हणून शोध असा बांधावा लागतो:

```
("Rastrelliger kanagurta" OR "Indian mackerel")
AND (Ratnagiri OR Maharashtra OR "Arabian Sea")
```

निकाल फार थोडे आले तर जागेची अट काढायची, फार आले तर शीर्षक आणि सारांशापुरता शोध मर्यादित करायचा. मग शोधगंगेवर प्रबंध आणि सीएमएफआरआय या सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या भांडारात मासेमारीचे अहवाल पाहायचे. मुलाने पहिल्यांदा काय विचारलं, खरं काय हवं होतं, कुठे अडलं आणि शेवटी त्याला स्वतःला काय करता येऊ लागलं, या क्रमाने लिहा. मुलाचं नाव घालू नका. वाचकाची गोपनीयता तुम्ही पाळता हेही त्यातूनच दिसतं.

कागदपत्रांचं एकच सांगते, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळ्या रकान्यात, आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर तिसरंच. या तिन्ही नावांची बाई एकच, हे दाखवणारा कागद अर्जाच्या आधी करून ठेवा. कॉलेज कधीकधी अनुभवाच्या दाखल्यावर नुसतं ‘ग्रंथपाल’ लिहून देतं. कामाचं स्वरूप त्यात नमूद करून घ्या.

एकटेपणाचं विचारलं नाहीत. तो असतो, पहिल्या हिवाळ्यात फार असतो, पण त्यासाठी अर्ज थांबवू नका.

एक मात्र राजीनाम्याआधी करा. तुम्ही केलेल्या चांगल्या नोंदींपैकी आठ-दहा प्राचार्यांच्या परवानगीने मार्क फाइल म्हणून निर्यात करून जवळ ठेवा. नोकरी सोडली की लॉगिन बंद होतं. माझ्या हातच्या नोंदींपैकी एकही माझ्याजवळ नाही, आणि ते मला आजही सलतं.