टीझरमध्ये किंमत केव्हा सांगावी?

सणाच्या कलेक्शनसाठी तुम्ही चार टीझर आखले आहेत, पण पहिल्याच पोस्टमध्ये अख्खा कुर्ता दाखवल्यावर पुढच्या तीन पोस्टमध्ये सांगण्यासारखे काही उरत नाही. आधी केवळ गळ्यावरचे भरतकाम अगदी जवळून दाखवावे, मग रंग, त्यानंतर पूर्ण कुर्ता. किंमत आणि मापे मात्र विक्रीच्या किमान दोन दिवस आधी सांगावीत, कारण घेणाऱ्याला पैशांची जुळवाजुळव करायला तेवढा अवधी लागतोच. मी एकदा किंमत शेवटपर्यंत झाकून ठेवली, तेव्हा प्रतिक्रियांमध्ये ‘कितीला?’ एवढाच प्रश्न उरला आणि उत्सुकतेचा वैताग झाला. हा प्रश्न वारंवार येऊ लागला, की किमतीची पोस्ट अलीकडे ओढावी. विक्रीची तारीख प्रत्येक पोस्टमध्ये लिहावी. अनेकांना मधलीच एखादी पोस्ट दिसते.