काठीने, हातात, होरेबात, खडकावर

प्रिय अभ्यासकास,

निर्गमाच्या सतराव्या अध्यायाचा तुझा कच्चा अनुवाद वाचला. शब्दार्थ बरोबर आहेत, पण जिथे जिथे ‘बे-’ आला तिथे तू आधी ‘मध्ये’ लिहून पुढे गेला आहेस आणि वाक्य अडलं की मगच ते बदललं आहेस. ही सवय आत्ताच मोडायला हवी. हे एकाक्षरी अव्यय हिब्रू बायबलमध्ये 15,000हून अधिक वेळा येतं. ते स्वतःहून एवढंच सांगतं की या नामाचा त्या क्रियेशी जवळचा संबंध आहे. संबंध कोणता, हे क्रियापद आणि ते नाम मिळून ठरवतात. म्हणून ‘बे-’ दिसला की लेखणी थांबव आणि आधी क्रियापद शोध.

पाचवं आणि सहावं वचन समोर ठेव. दोन वचनांत चार वेळा ‘बे-’ आला आहे आणि मराठीत एकच रूप चारही ठिकाणी चालत नाही.

पाचव्यात देव मोशेला सांगतो की ज्या काठीने तू नदीला मारलंस ती घे. मूळ शब्द ‘अशेर हिक्कीता बो एत-हय्येओर’. क्रियापद ‘हिक्का’, म्हणजे मारणे. मार कोणाला बसला? नदीला, कारण तिच्या आधी ‘एत’ आहे आणि ‘एत’ निश्चित कर्म दाखवतो. कर्माची जागा भरली की ‘बो’साठी साधनाची जागा उरते: ‘तिने’, म्हणजे काठीने. लगेच पुढे ‘काख बेयाद्खा’ येतं. इथे क्रियापद घेणे आहे आणि नाम हात आहे, म्हणून ‘हातात घे’. ‘हाताने घे’ व्याकरणाला चालेल, पण इथे काठी सोबत नेण्याची आज्ञा आहे, कारण पुढचाच शब्द ‘आणि जा’ असा आहे.

‘बेयाद’ शब्द नीट ओळखून ठेव. ‘बेयाद मोशे’ असं येतं तेव्हा हाताचा हातपणा बहुधा मागे पडतो आणि ‘मोशेच्या द्वारे’ असा अर्थ होतो. मराठीत आपल्याकडे हातात, हाताने, हाती, हातून अशी चार रूपं तयार आहेत. संदेश किंवा आज्ञा कोणामार्फत आली हे सांगायचं असेल तिथे ‘हातून’ किंवा ‘द्वारे’ घे.

आता सहावं वचन: ‘अल-हत्सूर बेखोरेव, वेहिक्कीता वत्सूर’. ‘बेखोरेव’ म्हणजे होरेबात, म्हणजे ठिकाण. स्वरचिन्हं नसलेल्या मजकुरात ‘खोरेव’ आणि ‘खेरेव’ (तलवार) यांची अक्षरं एकसारखीच असतात. म्हणजे नुसत्या अक्षरांवर कोणी ‘तलवारीने’ असंही वाचू शकेल. तसं वाचता येत नाही, कारण त्या आधी ‘मी तिथे खडकावर उभा राहीन’ असं आहे. उभं राहणं ठिकाण मागतं, हत्यार नाही.

आणि ‘वत्सूर’. आधीच्या शब्दाच्या शेवटी स्वर आल्यामुळे ‘ब’चा उच्चार मऊ होऊन ‘व’ झाला आहे, अव्यय तेच आहे. पाचव्या वचनातलंच क्रियापद इथे परत आलं आहे, म्हणून नवखा अनुवादक पुन्हा साधन समजतो आणि ‘खडकाने मार’ लिहितो. इथे ‘एत’ नाही हे पाहा. कर्माची जागा रिकामी आहे, काठी आधीच हातात आहे, आणि खडक काही उचलून मारण्याजोगा नाही. म्हणून ‘बे-’ने दाखवलेला खडक हेच माराचं लक्ष्य: ‘खडकावर मार’.

ताळा करायचा असेल तर गणना 20:11 उघड. तिथे मोशे पुन्हा खडकाला मारतो, पण रचना वेगळी आहे: ‘एत-हस्सेला बेमत्तेहू’. खडकाला ‘एत’, काठीला ‘बे-’. तेच क्रियापद ‘एत’सह कुठे येतं आणि त्याविना कुठे येतं, हे शब्दसूचीत पाहण्याची सवय लाव. शंका असलेल्या प्रत्येक ‘बे-’साठी अशी तीन-चार वचनं पुरतात.

‘बत्सूर’ हा प्रयोग जुन्या भाष्यकारांच्याही नजरेतून सुटला नाही. राशी म्हणतो, ‘खडकावर’साठी ‘अल’ न घालता ‘बे-’ घातला आहे, त्या अर्थी काठी इतक्या कठीण पदार्थाची होती की खडक तिच्यापुढे फुटला. अनुवादात हे आणू नकोस, पण त्याने अव्ययाची निवड किती बारकाईने पाहिली ते लक्षात घे. लक्ष्य माणसं असतील तर अर्थ आणखी सरकतो: 1 शमुवेल 6:19 मध्ये बेथ-शेमेशच्या लोकांना ‘बे-’ लागला आहे, आणि तिथे ‘लोकांपैकी काहींना’ असा अर्थ होतो.

काही क्रियापदं ‘बे-’ला बांधलेलीच असतात. उत्पत्ती 15:6 मधलं ‘हेएमीन’ हे त्यांतलं. ‘परमेश्वरामध्ये विश्वास ठेवला’ हे मराठी नव्हे. आपला विश्वास ‘वर’ बसतो, तिथे ‘बे-’ म्हणजे ‘वर’. अशा क्रियापदांची वही ठेव.

जिथे हे सगळं करूनही प्रश्न उरतो, असं वचन म्हणजे उत्पत्ती 9:6: ‘शोफेख दाम हाआदाम, बाआदाम दामो यिश्शाफेख’. जो माणसाचं रक्त सांडील, त्याचं रक्त ‘बाआदाम’ सांडलं जाईल. ‘माणसाकडून’ की ‘त्या माणसाबद्दल’?

‘माणसाकडून’ला आधार आहे. क्रियापद कर्मणी आहे, आणि कर्मणी क्रियेचा कर्ता ‘बे-’ने कधीकधी दाखवला जातो: यशया 45:17 मध्ये इस्राएल ‘परमेश्वराकडून’ तारला जातो. पण हिब्रू कर्मणीत कर्ता बहुतेक वेळा सांगितलाच जात नाही, म्हणून हा आधार मर्यादित आहे. ‘बद्दल’चा आधार मोबदल्याच्या ‘बे-’मध्ये आहे. योसेफ वीस रुप्यांना विकला जातो तिथे तोच ‘बे-’ आहे, आणि अनुवाद या पुस्तकात 19:21 मध्ये ‘नेफेश बेनेफेश’, जिवाबद्दल जीव. निर्गम 21:23 मध्ये हीच गोष्ट सांगताना ‘बे-’च्या जागी ‘ताखात’, म्हणजे ‘च्या जागी’, आला आहे. त्यामुळे मोबदल्याच्या अर्थाबद्दल शंका राहत नाही. असाएलाला मारणारा अबनेर मरतो तोही ‘असाएलाच्या रक्ताबद्दल’, आणि तिथेही ‘बे-’च आहे.

मग वचनाची ठेवण पाहा. सांडणारा, रक्त, माणूस. माणूस, रक्त, सांडलं जाईल. शब्द आरशासारखे उलट क्रमाने येतात आणि मधोमध ‘हाआदाम’ आणि ‘बाआदाम’ शेजारी बसतात. ‘बा’मधला दीर्घ स्वर म्हणजे आत निश्चित उपपद आहे, तेव्हा ‘तो माणूस’, म्हणजे मघाचाच मारला गेलेला, असं वाचता येतं. मात्र हेच उपपद ‘मानवजात’ अशा सर्वसाधारण अर्थानेही येतं, म्हणून त्यावर एकट्यावर निकाल देऊ नकोस. ग्रीक सप्ततीने इथे ‘त्याच्या रक्ताऐवजी’ असं केलं आहे, म्हणजे त्या अनुवादकांनी मोबदल्याचाच अर्थ घेतला. पुढचं कारण, देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचा केला, हे दोन्हीकडे बसतं: मारलेल्याची किंमत म्हणूनही आणि न्याय करणाऱ्याचा अधिकार म्हणूनही.

मला ‘त्या माणसाबद्दल’ अधिक पटतं. तू मजकुरात एक अर्थ घे आणि दुसरा तळटीपेत पूर्ण वाक्य करून दे. ‘मनुष्याने’ मात्र लिहू नकोस. मराठीत ‘-ने’ साधनालाही लागतो आणि कर्त्यालाही, आणि इथे वाचकाला नेमका तोच फरक कळायला हवा. कर्ता धरलास तर ‘मनुष्याकडून’ लिही. पुढच्या खेपेला उत्पत्तीचा नववा अध्याय पाठवशील तेव्हा समासात प्रत्येक ‘बे-’शेजारी त्याचं क्रियापद लिहून पाठव.

तुझ्या कामाची वाट पाहत,
तुझे हितचिंतक