शेवटची ५ मिलिग्रॅमची गोळी सोडताना

"नऊ आठवडे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू आहे. ४० मिलिग्रॅमवरून आता ५ वर आलोय, त्रासही नाही. एवढीशीच तर गोळी राहिलीय, उद्यापासून बंद केली तर चालेल ना?"

नको. मी डॉक्टर नाही, पण अगदी याच पायरीवर मी आपटलो आहे.

माझंही ४० वरून दर आठवड्याला ५ कमी करत ५ वर आलं होतं. पाकीट संपलं आणि डॉक्टरांची भेट तीन आठवड्यांनी होती. दवाखान्यात फोन केला, तर काउंटरवरून उत्तर आलं, "गोळ्या संपल्या म्हणजे कोर्स संपला." डॉक्टरांना विचारायची तसदीही घेतली नाही. मीही खुळ्यासारखं ऐकलं. चौथ्या दिवशी अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. मग मळमळ, सांधेदुखी. व्हायरल असेल म्हणून दोन दिवस पडून काढले. उलट्या सुरू झाल्यावर घरच्यांनी इमर्जन्सीत नेलं. रक्तदाब ८८/५६. हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सलाइन लावल्यावर काही तासांत माणसात आलो.

कारण तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. शरीर रोज जेवढं कॉर्टिसोल, म्हणजे स्वतःचं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवतं, ते साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकं असतं. बाहेरून गोळी येत राहिली की पिट्युटरी ग्रंथी सिग्नल देणं थांबवते आणि मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुस्तावतात. तीन-चार आठवड्यांच्या पुढे हे होऊ शकतं. ४० वरून २० वर येताना गोळीच शरीराची गरज भागवत असते, म्हणून तिथे भराभर उतरता येतं, मूळ आजार उलटला नाही म्हणजे झालं. ५ च्या खाली मात्र प्रत्येक मिलिग्रॅमची भरपाई ग्रंथींना स्वतः करावी लागते, आणि त्या जाग्या व्हायला कधी कधी महिने लागतात.

मला पुन्हा ५ वर ठेवून दर चार आठवड्यांना १ मिलिग्रॅम कमी केलं. मध्ये सकाळी आठच्या सुमारास, त्या दिवशीची गोळी घ्यायच्या आधी, कॉर्टिसोलची रक्ततपासणी व्हायची. आधी ३ मायक्रोग्रॅम आलं, काही महिन्यांनी ११. तेव्हाच गोळी सुटली. माझं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका. आजार कुठला, किती दिवस घेतली, यावर ते ठरतं.

आणखी एक. खाली उतरताना ताप आला किंवा ऑपरेशन ठरलं, तर डोस तात्पुरता वाढवावा लागतो, तेव्हा स्टेरॉइड चालू असल्याचं आधी सांगा. उलटीमुळे गोळी पोटात टिकतच नसेल तर घरी वाट बघू नका, इंजेक्शन लागतं. नुसती सांधेदुखी किंवा थकवा असेल तर तो मूळ आजारही असू शकतो, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. उभं राहताना चक्कर येत असेल तर मात्र रक्तदाब आधी मोजा.

आणि पाकिटात दहाच गोळ्या उरल्या की पुढची चिठ्ठी मागा. काउंटरवरच्या माणसाकडे नाही, डॉक्टरांकडे.