मराठीतून विचार करून ऑफिसचे ईमेल लिहिताना इंग्रजी वाक्यं लांबलचक का होतात?

‘मी मराठी माध्यमातली. ईमेलमध्ये माझं प्रत्येक वाक्य “इज बीइंग डन” वर संपतं. थेट, आटोपशीर इंग्रजी कसं लिहू?’

दोष मराठीचा नाही, सरकारी मराठीचा आहे. घरी आपण ‘मी उद्या पाठवतो’ म्हणतो. टेबलावर बसलो की त्याचंच ‘पाठविण्यात येत आहे’ होतं, आणि इंग्रजीत तेच उतरतं.

मी हिंगणा एमआयडीसीत डिस्पॅचला होतो तेव्हाची गोष्ट. चेन्नईच्या पार्टीला चार बेअरिंग खराब पोचले. मी लिहिलं: ‘विथ रेफरन्स टू द मटेरियल डिस्पॅच्ड बाय अस, इट इज टू इन्फॉर्म यू दॅट द रिप्लेसमेंट इज बीइंग अरेंज्ड.’ तिकडून एका ओळीत उत्तर आलं: ‘हू इज सेंडिंग? व्हेन?’ त्यांची मशीन बंद पडून होती आणि मला मात्र माझं वाक्य भारदस्त वाटत होतं.

मग फोनवर बोललो असतो तसं आधी मराठीत लिहिलं: ‘बेअरिंग वाटेत खराब झाले म्हणून मी गुरुवारी चार नवे पाठवतो.’ आपल्याकडे कारण आधी येतं आणि क्रियापद सगळ्यात शेवटी. इंग्रजी वाचणारा तेवढा थांबत नाही. म्हणून शेवटचं ‘पाठवतो’ उचललं, ‘कोण?’ विचारलं आणि दोन्ही पुढे आणले: ‘आय विल सेंड फोर न्यू बेअरिंग्ज ऑन थर्सडे.’ ‘म्हणून’च्या आधीचं सगळं मागे, वेगळ्या वाक्यात गेलं: ‘द फर्स्ट लॉट गॉट डॅमेज्ड इन ट्रान्झिट.’

भूतकाळात आणखी फसायला होतं. ‘मी गाडी पाठवली’ हा कर्मणी प्रयोग, क्रियापद गाडीप्रमाणे चालतं. पण म्हणून इंग्रजीत ‘द ट्रक वॉज सेंट बाय मी’ करायचं नसतं. सरळ ‘आय सेंट द ट्रक’. आमच्या मास्तरांनी कर्मणी म्हणजे पॅसिव्ह असं घोकून घेतलं होतं, तिथेच वाट लागली.

हा मेल साहेबांनी पाहिला. ‘काऊन रे, मालक झाला का तू कंपनीचा? आय विल सेंड म्हणते!’ त्यांच्या मते ‘आय’ लिहिणं म्हणजे उद्धटपणा. माझ्या मते ‘आय’ टाळायचं खरं कारण वेगळं असतं: गुरुवारी माल गेला नाही तर कोणाला धरायचं, ते कळू नये. तेव्हा हे तोंडावर बोललो नाही, आज लिहितो.

हां, पॅसिव्ह अगदी हद्दपार करू नका. चूक समोरच्या पार्टीची असेल तर ‘यू ब्रोक द सील’ लिहून भांडण कशाला? ‘द सील वॉज ब्रोकन’ बरं. आणि कोणी केलं याने फरकच पडत नसेल तिथेही चालतं. साहेबांना मात्र हे सांगू नका, ते म्हणतील, ‘बघ, मी म्हणत होतो.’